इनसाइटच्या रकान्यात आकडा लिहावा की वाक्य?

निवासी डॉक्टर, कळवा: ४२ वर्षांच्या रुग्णाच्या मानसिक स्थिती तपासणीत मी ‘मूड चिंताग्रस्त, विचारांत डिल्युजन, इनसाइट ग्रेड १’ असे लिहिले, म्हणजे त्याला स्वतःच्या आजाराची जाणीवच नाही असे. शेजारी टाकीच्या पाण्यात औषध मिसळतात, त्यामुळे आपले डोके जड होते आणि झोप उडते, असे तो सांगतो. ‘मी वेडा नाही’ म्हणतो, पण झोपेची गोळी मागतो. वरिष्ठांनी ग्रेड ३ केली. हे योग्य आहे का?

मानसोपचारतज्ज्ञ, ठाणे: मला ग्रेड ३ योग्य वाटते. ग्रेड १ म्हणजे आजाराचा पूर्ण नकार. हा रुग्ण बिघाड मान्य करतो, मात्र त्याचे कारण शेजाऱ्यांवर ढकलतो. ‘डिल्युजन’ एवढाच शब्दही पुरेसा नाही. ‘दुसरे काही कारण असू शकेल का?’ असे विचारल्यावर तो काय म्हणाला, ते त्याच्याच शब्दांत लिहावे, कारण तो थोडा जरी डळमळला असेल, तर ती श्रद्धा किती पक्की आहे हे पुन्हा तपासावे लागते.

इंटर्न, मुलुंड: मूड तरी बरोबर लिहिला आहे, कारण चेहऱ्यावर चिंता दिसत असेल तर ती लिहायलाच हवी.

मानसोपचारतज्ज्ञ, ठाणे: लिहायला हवी, पण अफेक्ट म्हणून. मूडसाठी ‘गेले काही दिवस मन कसे असते?’ असे विचारून आलेले उत्तर अवतरणचिन्हांत लिहावे. अफेक्टमध्ये आपल्याला जे दिसले ते यावे: चिंताग्रस्त, मर्यादित आवाक्याचा, बोलण्याच्या आशयाशी सुसंगत. पाण्यात विष असल्याचे हसत सांगितले असते, तर नेमकी तीच विसंगती नोंदवावी लागली असती.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाशी: ग्रेड ३ला माझा विरोध आहे. झोप नसल्याची तक्रार म्हणजे आजाराची जाणीव नव्हे. खरोखर विषबाधा झालेला माणूसही अशीच तक्रार करेल. अँथनी डेव्हिड यांनी १९९० मध्ये इनसाइटचे तीन पैलू मांडले: आजाराची जाणीव, विचित्र अनुभव आजाराचा भाग आहेत हे ओळखणे आणि उपचार स्वीकारणे. या रुग्णात पहिला अंधूक आहे, दुसरा नाही आणि तिसरा फक्त झोपेच्या गोळीपुरता आहे. एका आकड्यात हे सारे पुसले जाते.

वाचक, ऐरोली: माझ्या भावाच्या कागदावर ‘इनसाइट नाही’ असे लिहिले होते. तो गोळ्या मात्र नियमित घेत असे. असे लिहिले असेल तर माणूस कधीच बरा होत नाही का?

मानसोपचारतज्ज्ञ, ठाणे: तसे मुळीच नाही. ती त्या दिवशीची नोंद असते आणि उपचारांनी ती बदलू शकते. आपल्या भावाचे उदाहरण वाशीच्या मुद्द्याला बळ देते, हे मी मान्य करतो. तरीही आकडा काढून टाकू नये, कारण पुढच्या भेटीतील डॉक्टरला तुलना करायची असते. आकड्याखाली रुग्णाचे वाक्य असावे.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, वाशी: वाक्य असेल, तर पुढचा डॉक्टर तेच वाचून तुलना करू शकतो. एकाच वाक्याला कळव्यात १ आणि ३ असे दोन आकडे मिळालेच आहेत.

निवासी डॉक्टर, कळवा: उद्या मी त्याला ‘शेजाऱ्यांनी हे थांबवले, तरी उपचार लागतील का?’ असे विचारून त्याचे उत्तर जसेच्या तसे लिहितो. आकडा त्यानंतर ठरवेन.