धुमसणे आणि पेटणे एकच का?

गुहागरी: काल शेजारच्या काकू गोठ्यात नारळाची सोडणं लावून बसलेल्या, मला म्हणाल्या "पेटत नाहीये रे, नुसतं धुमसतंय." मी म्हटलं जळणंच ना ते, जरा हळू. तर म्हणे नाही, वेगळं. खरंच वेगळं की बोलायची पद्धत?

देवगडची माहेरवाशीण: वेगळंच! मच्छरांसाठी सोडणाची धुमी घालतत ती मुद्दाम पेटू देत नाहीत, जाळ झालो की धूर गेलो.

केमिस्ट्रीवाला, रत्नागिरी: काकू बरोबर आहेत. पेटतं तेव्हा सोडण स्वतः नाही जळत, तापून त्यातून वाफा निघतात आणि त्या हवेत जळतात, तोच जाळ. धुमसताना जाळ नसतोच, ऑक्सिजन थेट कोळशाच्या अंगाला भिडतो आणि तिथं साधारण पाचशे ते सातशे डिग्री असतं. बाजूचं सोडण तापून वाफा सोडतं, पण त्यांना जाळणारं कोणी नाही, मग त्या थंड होऊन बारीक थेंब होतात, तो पांढरट डोळे झोंबवणारा धूर. फुंकणी मारून भडका करा, तोच धूर जळून जातो. जाळाचा धूर काळा, ती काजळी.

कार्बन मोनॉक्साईडचंही तेच. कोळशावर तो तयार होतोच, जाळात पुरेशी उष्णता मिळाली तर पुढे जळून कार्बन डायऑक्साईड होतो, धुमसताना लगेच थंड पडतो आणि तसाच निसटतो.

पनवेलकर: पण धुमसताना जळण कमी जळतं ना, म्हणजे गॅसही कमीच की.

केमिस्ट्रीवाला, रत्नागिरी: तासाला कमी असेल, किलोला नाही. किलोभर सुका पालापाचोळा, लाकूडफाटा ढणढणा जळाला तर ढोबळमानाने साठ-सत्तर ग्रॅम, धुमसला तर दोनशेच्या आसपास. ओलावा, हवा यावर आकडा खूप हलतो, पण तिप्पट धरून चाला. शिवाय जाळ दहा मिनिटांत संपतो, सोडण रात्रभर धुमसतं.

वेंगुर्ल्याचो: आमची चूल पावसाळ्यात भयंकर धुरते, लाकडं ओली. धुराडं बदलू काय?

केमिस्ट्रीवाला, रत्नागिरी: विषय थोडा वेगळा पण लागू आहे. ओल्या लाकडाची उष्णता पाणी उडवण्यातच जाते, जाळ धरत नाही, म्हणजे चूल धुमसतेच. आधी लाकडं माळ्यावर सुकवा.

गुहागरी: मग धूर नाही म्हणजे गॅस नाही, असं धरू का?

केमिस्ट्रीवाला, रत्नागिरी: अजिबात नको! रसरसलेल्या निखाऱ्यांना धूर जवळपास नसतो, वाफा केव्हाच निघून गेल्यात, पण मोनॉक्साईड भरपूर येतो आणि त्याला वासही नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपणारी माणसं तशीच जातात, डोकं दुखून मळमळायला लागलं की दार उघडून आधी बाहेर पडायचं.

देवगडची माहेरवाशीण: पण मग निखारे "धुमसतात" म्हणायचं का? धूर नाही, जाळ नाही. आमची आजी "इंगळ फुललेत" म्हणायची.

केमिस्ट्रीवाला, रत्नागिरी: शास्त्रात ते धुमसण्यातच धरतात. मराठी कानाला नाही पटत, खरंय. मला शब्द सुचत नाही.

गुहागरी: काकूंना विचारलं. म्हणाल्या, "निखारे धगधगतात रे, धुमसतं ते सोडण." आणि मागचं दार सताड उघडं ठेवून झोपल्या.