सार्वभौम राज्य १६४८ च्या तहात जन्मलं की त्याआधीच चर्चच्या जमिनीत?

वर्गटिपण_पुणे: उद्याच्या तासासाठी टिपण टाकते आहे. १५१७ मध्ये लूथरने पोपला आव्हान दिलं, पश्चिमेकडची ख्रिस्ती मंडळी दुभंगली, शंभर वर्षं धर्मयुद्धं झाली, सगळे थकले. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहाने धर्म राजकारणातून बाजूला काढला आणि सार्वभौम राज्य जन्माला आलं. परीक्षेला एवढं पुरतं.

जुना_मास्तर: हे वाक्य पोरं पाठ करतात आणि राज्याची ताकद आली कुठून, हा प्रश्नच त्यांना पडत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्वीडन घ्या. १५२३ मध्ये गुस्ताव वासा राजा झाला तो ल्युबेकच्या व्यापाऱ्यांच्या जहाजांवर आणि कर्जावर. गादी मिळाली, पण तिजोरी रिकामी आणि सावकार दारात. देशातली जवळपास पाचवा हिस्सा जमीन चर्चकडे होती, बिशपांचे स्वतःचे किल्ले होते. १५२७ मध्ये त्याने व्हेस्टेरोसला सभा बोलावली आणि सरळ सांगितलं, पैसा उभा करून द्या, नाहीतर मी गादी सोडतो. सभेने बिशप आणि मठांचं ‘गरजेपेक्षा जास्तीचं’ उत्पन्न राजाला दिलं, किल्लेही गेले. सरदारांना काय मिळालं? १४५४ नंतर त्यांच्या पूर्वजांनी चर्चला दिलेल्या जमिनी परत घेण्याची मुभा. सरदार राजाच्या बाजूने उभे राहिले ते म्हणून. लूथरची शिकवण पटल्याची रीतसर घोषणा तिथे झालीच नाही, स्वीडिश चर्चने ती १५९३ मध्ये केली. आधी जमीन आली, पंथ मागाहून.

एवढ्यानेही कर्ज फिटेना. १५३१ मध्ये हुकूम निघाला, प्रत्येक चर्चने एक घंटा किंवा तिची किंमत द्यावी. दालार्नाचे शेतकरी उठले. ती घंटा त्यांच्या आज्या-पणज्यांनी वर्गणी काढून ओतून घेतलेली होती. राजाने १५३३ मध्ये उठाव मोडला. १५४४ मध्ये राजपद वंशपरंपरागत झालं. वेस्टफालियाला अजून शंभर वर्षं होती, बाई.

सोलापुरी_वाचक: एका देशावरून सगळा युरोप मोजू नका. फ्रान्सचा राजा कॅथलिकच राहिला आणि सगळ्यांत बलाढ्य झाला. १५१६ च्या बोलोन्याच्या करारानेच बिशप नेमण्याचा हक्क पोपकडून त्याला मिळाला होता. फूट कशाला हवी होती? आणि १६३१ मध्ये बेर्वाल्डेला काय झालं? फ्रान्सचा मुख्य मंत्री रिशेल्यू हा रोमन चर्चचा कार्डिनल, त्याने लूथरपंथी स्वीडनला वर्षाला ४ लाख थालर कबूल केले, जर्मन साम्राज्याच्या कॅथलिक सम्राटाशी लढायला. धर्म निव्वळ निमित्त होता, हे सांगायला आणखी काय पाहिजे?

जुना_मास्तर: फ्रान्सचा मुद्दा चांगला आहे, मानतो. निमित्ताचा अजिबात मान्य नाही. १६२९ मध्ये सम्राट दुसरा फर्डिनांड जिंकत होता. तेव्हा त्याने फर्मान काढलं, १५५२ नंतर प्रोटेस्टंटांनी घेतलेली चर्चची मालमत्ता परत करा. त्याने प्रोटेस्टंट राजे तर बिथरलेच, पण सम्राट फार माजतो आहे म्हणून कॅथलिक राजेही धास्तावले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी त्याला त्याचा सेनापती वॉलेनस्टाइन याला बडतर्फ करायला लावलं. फक्त सत्तेचा हिशेब करणारा माणूस असं फर्मान काढेल? त्याची श्रद्धा खरी होती, आणि तिची किंमत जमिनीत मोजावी लागणार होती. दोन्ही एकत्र धरल्याशिवाय १६४८ ला संपलेलं तीस वर्षांचं युद्ध उलगडत नाही.

बार्देशकर: मास्तर, जमीन झाली, पण वह्यांचं काय? आमचं मूळ गाव गोव्यात. पणजोबांचा बाप्तिस्मा चर्चच्या जुन्या वहीत सापडला, आईबापांची आणि गावाची नावं एका ओळीत, वाळवीने कडा खाल्लेल्या. ही वही आली कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेतून, १५६३ मध्ये. म्हणजे माणसं मोजायची सवय कॅथलिकांनी लावली. जमिनीपेक्षा ही मोठी सत्ता नाही का?

नाशिकची_सई: कॅथलिकांनी लावली हे कुणी सांगितलं? इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने १५३८ मध्येच प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीला, बाप्तिस्मा, लग्न, दफन यांची वही ठेवायला लावली. लोकांना त्याचा वासही आधीच लागला होता. १५३६ च्या उत्तरेकडच्या बंडात बाप्तिस्म्यावर आणि दफनावर कर बसणार अशी अफवा होती. अफवा खोटी ठरली, भीती मात्र अस्थानी नव्हती.

सोलापुरी_वाचक: आणि फ्रान्सच्या राजाने बाप्तिस्म्याच्या नोंदी १५३९ मध्ये बंधनकारक केल्या. तिथली धर्मयुद्धं सुरू झाली १५६२ मध्ये! वही आली फुटीशिवाय. माझंच म्हणणं सिद्ध होतंय.

बार्देशकर: मी आमच्या घरची गोष्ट सांगतोय आणि तुम्ही तारखा फेकून मारताय. त्या वहीसमोर उभं राहून बघा एकदा.

जुना_मास्तर: तारखा फेकत नाही कुणी. वही कुणी सुरू केली यापेक्षा ती कुणाच्या हातात गेली ते बघा. स्वीडनमध्ये पाद्री राजाचा नोकर झाला होता. सैन्यभरतीला गावातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांची यादी त्याच्याकडून यायची. त्या यादीतून पुरुषांचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटातून एकजण उचलायचा. उत्तरेकडच्या बीग्देओ या एका पॅरिशमधून १६२१ ते १६३९ मध्ये २३० तरुण पोलंड आणि जर्मनीच्या युद्धांत गेले. २१५ तिकडेच मेले, ५ अपंग होऊन परतले. गावातले प्रौढ पुरुष ४६८ चे २८८ झाले. ‘राज्याची सत्ता वाढली’ असं फळ्यावर लिहिताना हे गाव पोरांना सांगा.

नाशिकची_सई: हे मान्य. पण चर्चची जमीन मिळाली की राजा बलवान, हे सूत्र इंग्लंडमध्ये साफ फसतं. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० मध्ये मठ बंद केले, प्रचंड जमीन हाती आली. मग फ्रान्स आणि स्कॉटलंडशी लढाया काढल्या आणि त्यासाठी त्यातली बरीच विकून टाकली. घेणारे कोण, तर गावोगावचे जमीनदार. त्यांचीच माणसं पार्लमेंटात बसत. म्हणजे कायमचं उत्पन्न गेलं आणि पुढच्या राजांना पैशासाठी त्यांच्याच दारात जावं लागलं.

सोलापुरी_वाचक: हेच तर म्हणतोय! फ्रान्समध्येही १५६२ ते १५९८ राज्य आधी मोडलंच. १५९८ च्या नांतच्या फर्मानाने ह्यूगेनॉटांना, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंटांना, तटबंदीची शहरं मिळाली, राजाच्या देशात दुसऱ्याच्या तोफा. त्यांच्यातल्या ला रोशेल शहराला १६२७-२८ मध्ये वेढा घालून उपाशी मारावं लागलं. मग १६२९ मध्ये त्यांचे किल्ले काढून घेतले, पूजा करू दिली. ताकद आली ती फुटीतून नाही, फूट दाबण्यातून.

जुना_मास्तर: दाबायला सैन्य लागतं, सैन्याला कर लागतो, आणि तो कर मागायला कारण मिळालं ते या फुटीनेच. तुम्ही माझाच मुद्दा दुसऱ्या टोकाने मांडताय. इंग्लंडबद्दल सईचं बरोबर आहे: जमीन मिळणं आणि ती हातात राहणं यांत फरक आहे.

वर्गटिपण_पुणे: तुम्हा सगळ्यांना वर्गात ६० पोरं आणि ३५ मिनिटं दिली तर कळेल. अभ्यासक्रमात वेस्टफालिया आहे, बीग्देओ नाही. आणि तहाने राजांना पूर्ण अधिकार दिला हे तरी खरं ना?

जुना_मास्तर: तेही नाही. १५५५ च्या आउग्सबुर्गच्या तहात जर्मन राजाला आपल्या मुलखाचा पंथ ठरवता येत होता. १६४८ ने तो हात बांधला. १६२४ हे प्रमाण वर्ष धरलं: त्या वर्षी जिथे जी उपासना चालू होती ती पुढेही चालणार, राजाने पंथ बदलला तरी प्रजेवर तो लादायचा नाही. साम्राज्य आणि त्याची न्यायालयं १८०६ पर्यंत टिकली.

वर्गटिपण_पुणे: १६२४ चं घालते. बाकी टिपण तसंच राहील.

बार्देशकर: आणि वह्या?