कंपनीच्या बातमीपत्रात एखाद्या माणसाबद्दल लिहिलेला परिच्छेद: तुमचे अनुभव सांगा

मडगावकरीण
चवथीचा अंक काढायचाय आणि नवीन आलेल्या मुलीने आज विचारलं, "ताई, स्पॉटलाइटमध्ये काय लिहू?" लगेच डिस्पॅचमधले आमचे काका आठवले. वेर्ण्याला औषधांची कंपनी, मी एचआरला. त्यांनी भरलेल्या फॉर्मात छंदाच्या रकान्यात एकच शब्द होता, "संगीत". त्यावरून तयार झालेला पहिला मजकूर असा: "हसतमुख, मेहनती आणि संगीताची आवड असलेले बहुआयामी व्यक्तिमत्त्व." हे कुणाच्याही फोटोखाली चाललं असतं. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि छंदाचं नावच काढलं नाही. विचारलं, "चवथीआधी तुम्हाला फोन कुणाकुणाचे येतात?" काका खुलले. शेवटी छापलं ते हे:

"वेर्ण्याहून ट्रक सुटण्याआधी शेवटची सही यांची. चवथ जवळ आली की वाड्यावरची मुलं फाटक्या कातड्याची घुमटं घेऊन यांच्या पडवीत येतात. भिजवलेलं बोकडाचं कातडं मडक्याच्या रुंद तोंडावर ताणायचं, दोरीने आवळायचं, सावलीत वाळू द्यायचं. डाव्या तळव्याने मागचं अरुंद तोंड कधी झाकायचं आणि कधी सोडायचं, हे ते मुलांचा हात हातात धरून शिकवतात. यंदाच्या आरतीत त्यांची नात शामेळावर असेल."

हुद्दा पहिल्या वाक्यात आला आणि तिथेच संपला. स्तुतीचा एकही शब्द नाही, तरी अंक निघाल्यावर गोडाऊनची पोरं काकांकडे घुमट बघायला गेली. तुमच्याकडे कसं लिहितात? तुमच्यावर कुणी लिहिलंय का?

फोंडेकर
नात शामेळावर!! खूप बरं वाटलं वाचून. आमच्या वाड्यावर अजून मुलींच्या हातात झांजच देतात.

शिफ्ट_बी
आमच्याकडे एम्प्लॉयी ऑफ द मंथ आहे. हजेरी आणि प्रॉडक्शन बघून ठरतं, हजाराचं कूपन मिळतं. मला अजून मिळालं नाही.

मडगावकरीण
@शिफ्ट_बी ते बक्षीस झालं, हे वेगळं. इथे कुणी पहिला येत नाही. कॅन्टीनवाल्यापासून सगळ्यांची पाळी येते.

शिफ्ट_बी
अच्छा. मग आमच्या बॉयलरवाल्याचं नाव द्यायला हवं, साप पकडतो तो. रात्री दोनलासुद्धा लोक बोलावतात.

डिचोलीचा
घुमटावर बंदी होती ना मध्ये? कंपनीच्या पेपरात कसं चाललं?

सांखळीकर
@डिचोलीचा बंदी घुमटावर कधीच नव्हती. घोरपडीच्या कातड्यावर आहे, 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. पूर्वी तेच कातडं लावायचे म्हणून लोकांच्या डोक्यात दोन्ही एक झालंय. 2019 मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य केलं.
मडगावकरीणताई, तुमच्या परिच्छेदात "बोकडाचं" हा शब्द आहे, तो कुणी कापू नका. संपादन करणाऱ्याला वाटतं चामडं ते चामडं, एक शब्द कमी करू. पण जुन्या घरांत आजोबांच्या वेळची घुमटं टांगलेली असतात आणि फोटो काढणारा नेमकं तेच उतरवून हातात देतो, जुनं दिसतं म्हणून. घोरपडीच्या कातड्यावर बारीक खवल्यांची ओळ दिसते, मोठ्या फोटोत तर लगेच. गावातल्या माणसाचं कौतुक करायला गेलात आणि वनखात्याचा माणूस त्याच्या दारात उभा राहिला, असं नको व्हायला.

मडगावकरीण
@सांखळीकर काकांनी हेच सांगितलं होतं! भिंतीवरचं नको, पडवीतलं नवीन घे म्हणाले. मला कारण तेव्हा कळलं नव्हतं.

डिचोलीचा
बरं झालं कळलं. पण नाद घोरपडीचाच, हे मी सोडणार नाही.

सांखळीकर
जुने वाजवणारे म्हणतात तसं. मी दोन्ही ऐकलीत. पावसात बोकडाचं लवकर सैल पडतं, आरतीआधी शेकून घ्यावं लागतं, इतकं मान्य. पुढचं ज्याच्या त्याच्या कानावर.

पर्वरीहून
माझ्यावर लिहिलं होतं आधीच्या कंपनीत. "पतीच्या निधनानंतरही खंबीरपणे दोन मुलांना वाढवत..." विचारलं नव्हतं मला. मी तिथे क्वालिटीला होते. रविवारी कांपालला मुलांना बॅडमिंटन शिकवायचे, तेच लिहितील असं वाटलं होतं. तेही होतं, शेवटच्या ओळीत. अंक आल्यावर लिफ्टमध्ये लोक वेगळ्या आवाजात बोलायला लागले. दुःख खरं आहे, पण ते कुणाला सांगायचं हे माझं मी ठरवलं असतं.

माशेलची सून
@पर्वरीहून ताई 🙏 वाचून कसंतरी झालं.

मडगावकरीण
@पर्वरीहून फार वाईट केलं त्यांनी. म्हणूनच मी छापण्याआधी मजकूर त्या माणसाला वाचून दाखवते. मेल पाठवून "ओके का" विचारलं की सगळे ओकेच म्हणतात. समोर बसून वाचलं की चेहऱ्यावर कळतं. काकांना वाचून दाखवताना ते एका ठिकाणी थांबले. मी लिहिलं होतं "गेली कित्येक वर्षे मोफत". म्हणाले, मोफत काढ, कातड्याचे पैसे पोरांकडून घेतो मी, नाहीतर वाड्यावर हसतील. आजाराचं, घरच्या अडचणीचं त्यांनी स्वतः सांगितलं तरी मी दुसऱ्या दिवशी परत विचारते, ठेवू का म्हणून.

वास्को_गाडी
आमच्या मॅनेजरसाहेबांनी सांगितलंय, शेवटी "हीच शिस्त ते कामातही आणतात" असं वाक्य टाकायचंच. काय करायचं?

मडगावकरीण
@वास्को_गाडी टाकू नका. तसं लिहिलं की माणूस घुमट वाजवतो तेही कंपनीसाठीच, असं होतं. मी साहेबांना दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवले, तेव्हा ते वाक्य गेलं.

सांखळीकर
इथे माझं थोडं वेगळं. त्यांचा कामातला हात अजिबातच दाखवायचा नाही का? तीस वर्षं डिस्पॅच सांभाळणाऱ्याला त्याचाही अभिमान असतो. नुसतं छंदाचं लिहिलं की काम किरकोळ वाटतं.

मडगावकरीण
हो, हे मला पटतं. "शेवटची सही यांची" त्यासाठीच ठेवलंय, पण तेवढं पुरेसं आहे का, सांगता येत नाही.

माशेलची सून
विषय सोडून विचारते, म्हापशाच्या बाजारात कांगलां आली का? माटोळीला हवीत. गेल्या वर्षी आदल्या दिवशी गेलो तर मिळाली नाहीत.

फोंडेकर
@माशेलची सून फोंड्याला आलीत. कवंडळं पण. भुरग्यांना हात लावू देऊ नका त्यांना, विषारी असतात.

शिफ्ट_बी
ताई, बॉयलरवाला कंत्राटदाराचा माणूस आहे, कंपनीच्या रोलवर नाही. त्याचं छापतात का?

मडगावकरीण
@शिफ्ट_बी आमच्याकडे यावरून अडलंय. लीगलवाले म्हणतात कंत्राटी माणसाला "आमचा कर्मचारी" लिहू नका, उद्या कोर्टात तोच कागद दाखवतील. मी म्हटलं, मग "आपल्या आवारात काम करणारे" लिहू. उत्तर नाही आलं अजून.

वास्को_गाडी
सिक्युरिटीवाले पण त्यातच आले मग. गेटवरचे आमचे एक मामा दशावतारात संकासूर करतात, रात्री प्रयोग आणि सकाळी ड्युटी.

शिफ्ट_बी
@वास्को_गाडी कुठल्या गावचे? जत्रेला असतील तर कळवा, आम्ही चौघे येतो.