तारखा आणि नावे एकसारखी करताना मूळ रकाना बदलावा का?

धागाकर्ती (आर्णी तालुका): आमच्या शेतकरी गटाच्या कापूस खरेदीच्या एक्सेल फाइलमध्ये तारखा 25/11/2023, 5/11/2023 आणि 5-Nov-23 अशा तिन्ही प्रकारे आहेत. मे महिन्याच्याही काही तारखा दिसतात, पण तेव्हा आमची खरेदी बंद होती. नावांतही वानखडे आणि वानखेडे असा घोळ आहे. सचिव म्हणतात की सगळे एकदाच बदलून टाका. तसे करावे का?

प्रतिसाद, पुसद: सचिवांचे बरोबर आहे. रकाना निवडून Format Cells मधून dd-mm-yyyy द्यावे, नावांसाठी Find & Replace वापरावे. अर्ध्या तासाचे काम आहे, त्याचा एवढा विचार कशाला?

प्रतिसाद, वर्धा (जिनिंगचा हिशेब पाहतो): नेमके हेच आधी करू नये. ज्या संगणकावर नोंदी झाल्या, त्याची तारखेची मांडणी बहुधा अमेरिकन पद्धतीची, म्हणजे महिना आधी, अशी असावी. त्यावर 05/11/2023 लिहिले की एक्सेल ती 11 मे समजते आणि आत 45235 ऐवजी 45057 हा आकडा ठेवते; 25/11/2023 लिहिले तर पंचविसावा महिनाच नसल्यामुळे ती नोंद तारीख न होता नुसता मजकूर म्हणून पडून राहते. मजकूर घराच्या डाव्या कडेला चिकटतो, खरी तारीख उजवीकडे जाते, म्हणून कोणी हाताने मांडणी बदलली नसेल तर नजर टाकताच फरक कळतो. तुमच्या फाइलमधला मे महिना इथूनच आला असावा.

Format Cells केवळ दिसणे बदलते, आतली 11 मे तशीच राहते. शिवाय 5-Nov-23 असे लिहिलेल्या तारखेत महिना अक्षरांत असल्यामुळे ती बरोबरच नोंदलेली असते. एकदा सगळा रकाना एका साच्यात घातला की बरोबर कोणती आणि उलटलेली कोणती, हा पुरावाच पुसला जातो.

म्हणून B रकाना जसा आहे तसा ठेवावा, महिना अक्षरांत असलेल्या ओळी वेगळ्या काढाव्यात आणि उरलेल्यांसाठी शेजारच्या रकान्यात हे सूत्र द्यावे:

```
=IF(ISNUMBER(B2),DATE(YEAR(B2),DAY(B2),MONTH(B2)),DATE(RIGHT(B2,4),MID(B2,4,2),LEFT(B2,2)))
```

दिवस व महिना दोन अंकी आणि वर्ष चार अंकी लिहिले असेल, तरच याचा मजकुराचा भाग चालतो. त्याआधी खऱ्या तारखांवर `=DAY(B2)>12` लावून पाहावे. एकही उत्तर TRUE आले, तर ती ओळ भारतीय मांडणीच्या संगणकावर भरलेली आहे आणि तिला हे सूत्र लावायचे नाही. लावले तर 25 हा महिना समजून एक्सेल चूक न दाखवता मुकाट्याने दोन वर्षे पुढे सरकते.

प्रतिसाद, दिग्रस (शिक्षिका): आमच्याकडे मुलांच्या जन्मतारखांचे असेच झाले होते. दाखल रजिस्टर काढून एकेक नोंद ताडून पाहावी लागली, त्यात दिवाळीची सुटी गेली.

धागाकर्ती: आमच्या फाइलमध्ये 10/11 आणि 11/10 अशाही तारखा आहेत. दोन्ही महिन्यांत खरेदी चालू होती, मग हंगामावरून कसे ओळखायचे?

प्रतिसाद, वर्धा: हंगामावरून ओळखता येणार नाही. काटा पावतीचा क्रमांक पाहावा. मागच्या आणि पुढच्या पावतीच्या तारखांमध्ये जी बसेल ती धरावी, म्हणूनच फाइल अजून क्रमवारीने लावू नका. दोन्ही बसत असतील तर तांबडा रंग द्यावा आणि मूळ पावती पुस्तक उघडावे.

प्रतिसाद, पुसद: तारखांचे मान्य, पण वानखडे आणि वानखेडे यांत कसला आलाय विचार?

प्रतिसाद, वर्धा: ही दोन्ही आडनावे आपल्याकडे स्वतंत्रपणे चालतात. तारखेची चूक यंत्राने एका नियमाने केली, म्हणून ती नियमाने उलटवता येते. नावाची चूक माणसाने केलेली असते आणि ती चूक आहे की दुसराच माणूस आहे, हे अक्षरांवरून कळत नाही. सभासद क्रमांक, गाव आणि नाव यांची पिव्होट टेबल करावी. एकाच क्रमांकावर दोन शुद्धलेखने आली तर पासबुकातले नाव नव्या रकान्यात लिहावे, क्रमांक दोन असतील तर हात लावू नये.

प्रतिसाद, घाटंजी (कास्तकार): क्रमांकावर एवढा भरवसा नको. आमच्या गटात बापाच्या क्रमांकावर पोराने गाडी लावली, आद्याक्षरही दोघांचे एकच. पिव्होटमध्ये तो एकच माणूस दिसणार आणि चुकारा जाणार भलत्याच खात्यात.

प्रतिसाद, वर्धा: हे खरे आहे, आणि यावर माझ्याकडे सूत्र नाही.

धागाकर्ती: मूळ फाइलची प्रत काढून ठेवली आहे. अशा बाप-लेकांच्या पावत्या निदान सात-आठ तरी निघतील. सचिवांना घेऊन घरोघरी जावे लागेल असे दिसते.