नमस्कारानंतरची शांतता

>"गुड मॉर्निंग म्हणते, समोरचाही म्हणतो, पण पुढे काय बोलायचं तेच सुचत नाही."

पुढे बोलायलाच हवं असं नाही. सुरुवातीला चालता चालताच, तीन-चार पावलांवरून नजर मिळाली की म्हणा आणि थांबू नका. मग शांतता पडतच नाही. उत्तर आलं नाही तर लगेच मनाला लावून घेऊ नका. आपण लाजाळू माणसं शेवटचा शब्द गिळतो, त्यामुळे पुष्कळदा समोरच्याला ऐकूच गेलेलं नसतं. नाव घेऊन म्हटलं की मान वर होतेच.

ओळखीचं हसू दिसायला लागलं की समोरच्या कामातलाच एखादा प्रश्न जोडा, "हा प्रिंटर दोन्ही बाजूंनी छापतो का?" एवढा साधा. कानात हेडफोन असतील तर मात्र नुसती मान हलवा.