मदत हवी आहे: 20 वर्षांपूर्वीचं इंटिग्रेशन, पहिल्या पानापासून परत करू की काय करू?

डिचोलीची_माया
नमस्कार मंडळी. 2004 ला मॅथ्स घेऊन बीएस्सी केलं, मग नोकरी, संसार, मॅथ्सचं पुस्तक परत हातात घेतलंच नाही. आता वाड्यावरच्या क्लासवाल्या सरांनी बारावीच्या मुलांना इंटिग्रेशन शिकवाल का म्हणून विचारलंय, मी हो म्हणून बसले. 25 दिवस होते. बारावीचं एनसीईआरटी पहिल्या चॅप्टरपासून सुरू केलं आणि 8 दिवस रिलेशन्स आणि फंक्शन्समध्येच गेले. वाचताना वाटतं सगळं येतंय, पण वही घेऊन बसले की पेन हलत नाही. एवढ्या दिवसांत कसं जमवायचं?

फोंडेकर७६
सगळे फॉर्म्युले एका मोठ्या कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा आणि येताजाता रोज वाचा, मी डिप्लोमाला असंच केलेलं. महिन्यात पाठ होतात.

साखळीचा_मास्तर
फॉर्म्युले लागतील, पण नुसते वाचून नव्हे, बघून वाचलेलं ओळखीचं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. मायाताई, तुम्ही उलट्या बाजूने सुरुवात करा. सातवा चॅप्टर इंटिग्रल्सचा, त्याच्या शेवटी मिसलेनियस एक्सरसाइज आहे, त्यातली, मधल्या एक्सरसाइजमधली आणि नवव्या, डिफरन्शियल इक्वेशनच्या चॅप्टरमधलं एक अशी मिळून दहा गणितं निवडा आणि पुस्तक मिटून सोडवा. चुकू देत. उत्तर आलं की मागच्या पानावर बघू नका, त्याचं डेरिव्हेटिव्ह काढा, मूळ फंक्शन परत मिळालं तर बरोबर. हे चेकिंग रोज केलंत की डिफरन्सिएशनची उजळणी आपोआप होते, त्यासाठी वेगळा चॅप्टर काढायला नको. चुकलेलं इथे टाका.

पेडण्याचा_दामू
मुलगी कितवीत आहे ताई? म्हापशाला एक चांगला क्लास आहे.

डिचोलीची_माया
दामूभाऊ, मुलगी नाही, मीच शिकतेय :) मास्तर, काल रात्री जेवणं आटोपल्यावर बसले, दहातली चार बरोबर. चुकलेल्यांतली ही दोन:

```
∫ sin²x dx   = sin³x/3 + C
∫ x cos x dx = x sin x - cos x + C
```

पहिल्याचं डेरिव्हेटिव्ह sin²x cos x आलं, तो cos x कुठून आला तेच कळेना. दुसऱ्याचं x cos x + 2 sin x आलं.

साखळीचा_मास्तर
छान, यातून बरंच कळतं. दुसऱ्यात बाय पार्ट्स तुम्हाला पूर्ण आठवतंय, x ला डिफरन्शिएट करायचं, cos x ला इंटिग्रेट करायचं, सगळं जागेवर आहे, फक्त sin x चं इंटिग्रेशन -cos x होतं हे निसटलं. आधीचं मायनस आणि हे मायनस मिळून प्लस, म्हणून x sin x + cos x + C. याला चॅप्टर वाचायची गरज नाही, अशी तीन गणितं केलीत की बसेल.

पहिल्यात तुम्ही x² चा नियम sin²x ला लावला. तो नियम नुसत्या x चा, इथे आत sin x आहे, म्हणून चेन रूलने तो cos x बाहेर आला. आणि खरी अडचण बारावीची नाहीच, अकरावीच्या ट्रिग्नॉमेट्रीची आहे. cos 2x = 1 - 2 sin²x आठवलं असतं तर sin²x = (1 - cos 2x)/2 लिहून लगेच x/2 - (sin 2x)/4 + C आलं असतं. माझा अनुभव, इंटिग्रेशन विसरलेल्या माणसाची अर्धी गणितं खालच्या ट्रिग आणि पार्शल फ्रॅक्शनपाशी अडतात. म्हणून अकरावीचा तिसरा चॅप्टर काढा, पण फक्त डबल अँगलचे फॉर्म्युले, तेही cos(A+B) वरून स्वतः काढा. मग चुकलेली सहाही दोन दिवसांनी कोऱ्या कागदावर परत, आणि आठवड्याने पुन्हा एकदा.

पेडण्याचा_दामू
सॉरी ताई, नीट वाचलं नव्हतं. मग माझंही विचारतो, शाळेत तीन वर्षं पोर्तुगीज होतं, आता घरच्या जमिनीचे जुने कागद वाचायचेत, तिथेही असंच चालेल काय?

साखळीचा_मास्तर
भाषेतलं मला विशेष कळत नाही दामू, पण एक पान घेऊन डिक्शनरीशिवाय किती लागतं ते आधी बघ.

डिचोलीची_माया
आज सहातली पाच आली! राहिलेलं डिफरन्शियल इक्वेशनचं होतं. सोडवलेलं उदाहरण दोनदा बघितलं, तरी तसलंच पुढचं येत नाही.

साखळीचा_मास्तर
मग ते विसरलेलं नसणार, तेव्हाच नीट शिकला नसाल. विसरलेलं असलं की एक ओळ बघितल्यावर "हां, हेच!" होतं आणि पुढचं हाताला येतं. उदाहरण बघूनही येत नसेल तर तो नववा चॅप्टर मात्र पहिल्या पानापासून करा, तिथे शॉर्टकट नाही.

फोंडेकर७६
पण मास्तर, स्वतः सोडवणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. उद्या पोरग्याने विचारलं की + C कशाला, तर?

साखळीचा_मास्तर
हा मुद्दा बरोबर आहे. + C चं सांगता येतं, कॉन्स्टंटचं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून डेरिव्हेटिव्हवरून परत येताना तो किती होता ते कळत नाही. पण असे "का" वाले प्रश्न गणितं सोडवून तयार होत नाहीत, आणि उरलेल्या दिवसांत ते किती बसेल हे मी आत्ता सांगू शकत नाही.

डिचोलीची_माया
मग रोज एक गणित पुतण्याला समोर बसवून मोठ्याने समजावते, तो अकरावीत आहे आणि प्रश्न विचारून जीव खातो. क्लासवाल्या सरांना सांगून डिफरन्शियल इक्वेशन पुढच्या महिन्यावर ढकलता येतं का तेही विचारते. रविवारी परत लिहीन.