Re: Re: बाणेरचा फ्लॅट: प्रसादला ८.१०, मला ८.५५?

निखिल:
मंडळी, बँक तीच, सोसायटी तीच, कर्ज दोघांचंही साठ लाख, मुदत वीस वर्षं. तरी व्याजदर प्रसादला ८.१० टक्के आणि मला ८.५५. हप्त्यात महिन्याला सुमारे १,७०० रुपयांचा फरक पडतोय, म्हणजे वीस वर्षांत चार लाखांच्या वर. पगार माझा प्रसादपेक्षा जास्त आहे. सँक्शन लेटरवर शुक्रवारपर्यंत सही करायची आहे. कोणाला काही कळतंय का?

हेमंत:
रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो रेपो दर सगळ्या देशाला एकच आहे, त्यामुळे असा भेदभाव करताच येत नाही. भांड जाऊन. नाहीतर सरळ क्रेडिट स्कोअर वाढव. मी भारतातली सगळी जुनी कार्डं बंद करून टाकली, पाटी कोरी.

शैलाकाकू:
बाईच्या नावावर घ्यावं. माझ्या बहिणीला कोथरूडला ०.०५ कमी लागलं.

मेधाताई:
हेमंत, रेपो सारखाच असतो, पण बँक त्यावर जे चढवते ते सारखं नसतं. त्यात कर्जदाराच्या जोखमीचा एक वाटा असतो आणि तो माणसागणिक ठरतो. मी पुण्यात कर्ज विभागातच होते, रोज हेच करायचे. आणि जुनं, वेळेवर भरलेलं कार्ड बंद केलंस तर इतिहास लहान होतो आणि उरलेल्या मर्यादेतला वापर टक्क्यांनी मोठा दिसतो. पाटी कोरी असणं बँकेला आवडत नाही.

निखिल, पगारावरून बँक तू किती हप्ता झेपवशील ते बघते. दर ठरताना तो एकटा पुरत नाही. दोन गोष्टी सांग. दोघांच्या फ्लॅटच्या करारातली किंमत किती? आणि भारतातला क्रेडिट रिपोर्ट पाहिलास का? इथला, परदेशातला तुझा स्कोअर कितीही चांगला असला तरी बाणेरच्या शाखेला तो दिसत नाही.

निखिल:
माझा पंचाहत्तर लाखांचा, प्रसादचा वरच्या मजल्यावरचा मोठा, नव्वदचा. पण मीही वीस लाखांच्या वर घातलेत!

मेधाताई:
त्यातले सव्वापाच लाख मुद्रांक शुल्काचे असतील, पुण्यात सात टक्के. ते या हिशेबात धरत नाहीत. तुझं कर्ज किमतीच्या बरोबर ८० टक्के आहे, या रकमेला रिझर्व्ह बँकेने घातलेल्या मर्यादेला टेकलेलं. प्रसादचं ६७ टक्क्यांच्या आत. म्हणजे रक्कम सारखी असली तरी बँकेच्या दृष्टीने कर्ज सारखं नाही. काही बँका यावरही दर बदलतात, तुमची बदलते का ते विचार. पण ०.४५ चा फरक एवढ्यावरून पडणार नाही. रिपोर्ट काढ, प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो.

सुनील (सचिव):
कृपया लक्षात घ्या, ही मेलिंग यादी कार्यक्रमांसाठी आहे. कोजागिरीच्या हॉलच्या मेलला फक्त तिघांनी उत्तर दिलंय.

विनय:
सुनील, दोन मिनिटं. माझं कर्ज हाउसिंग फायनान्स कंपनीचं आहे. रेपो खाली आला तरी माझा दर ढिम्म. माझाही स्कोअर खराब आहे का?

मेधाताई:
नाही विनय, तुझं दुखणं वेगळं. ऑक्टोबर २०१९ पासून नवी तरत्या दराची गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या दराला बांधायची सक्ती बँकांवर आहे, तुझ्या कंपनीवर नाही.

निखिल:
रिपोर्ट आला. स्कोअर ७१२. पुणे सोडताना ठेवलेल्या कार्डावर वार्षिक फी लागत राहिली, थकबाकी दिसतेय. पत्रं जुन्या भाड्याच्या पत्त्यावर जात होती म्हणे. चूक त्यांची आहे, तक्रार टाकतो.

मेधाताई:
थांब. नोंद चुकीची असेल तर तक्रार चालते, तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईही आहे. पण फी लागलेली खरी असेल तर तक्रारीने नोंद जाणार नाही. फी आणि दंड माफ करा असं लेखी विचार, उरलेलं पूर्ण भर आणि थकबाकी नसल्याचं पत्र घे. ‘थोडे भरा, मिटवून टाकू’ म्हणाले तर नको म्हण, ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि तो पुढच्या प्रत्येक बँकेला खुपतो. बँका आता महिन्यातून निदान दोनदा माहिती पाठवतात, त्यामुळे बाकी शून्य लवकर दिसेल. उशिराचे महिने मात्र इतिहासात राहतील, स्कोअर एकदम उडी मारणार नाही.

हेमंत:
मग तोवर आणखी चार बँकांत अर्ज टाक ना.

मेधाताई:
टाकू नकोस! प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदवली जाते. एकाच दुसऱ्या बँकेला विचार, तेही कार्ड मिटल्यावर.

शुक्रवारची मुदत वाढवून माग, बहुतेक वेळा मिळते. जोखमीचा तो वाटा एकदा करारात बसला की तुझी पत बरीच बदलल्याशिवाय हलत नाही, म्हणून भांडायचं ते सहीआधी.

निखिल:
बिल्डरचं डिमांड लेटर महिनाअखेरचं आहे. उशीर झाला तर त्याचं व्याज लागेल. आत्ता सही करून नंतर दुसऱ्या बँकेत कर्ज हलवलं तर?

मेधाताई:
तरत्या दराचं घराचं कर्ज आहे, मुदतपूर्व फेडीचा दंड नाही. पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च आहेच. बिल्डरचं व्याज किती ते करारात बघ, मग दोन्ही मांडून बोलू.

प्रसाद:
माझा स्कोअर कोणी विचारू नये. बायको सहकर्जदार आहे, एवढंच सांगतो.

शैलाकाकू:
मी म्हटलंच होतं.